दोन वाडगे आणि बुडाची नारिंगी रेघ

परतवाड्याच्या बाजारातून निळ्या नक्षीचा चिनी वाडगा घेतला, त्याला महिना झाला. विकणारे काका म्हणाले होते, "भाऊ, वाड्यातला माल हाये, शंभर वर्साचा." ताडून पाहायला मावशीच्या माजघरातला तसाच वाडगा मागून आणला. तो तिच्या सासूच्याही आधीपासून घरात आहे.

दोघांच्या बुडावर चीनच्या कांग्शी राजाचा चार अक्षरी शिक्का आहे. कांग्शीची कारकीर्द 1662 ते 1722. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही कारागीर हा शिक्का सर्रास काढत, म्हणून तो बाजूला ठेवला आणि वाडगे पालथे घातले.

सगळ्यात जास्त वेळ बुडाच्या कड्यावर गेला. भांडं भट्टीत चिकटू नये म्हणून तिथली झिलई पुसलेली असते, त्यामुळे माती उघडी दिसते. मावशीच्या वाडग्यात झिलई संपते नेमकी तिथे बारीक नारिंगी रेघ आहे, कुठे ठळक, कुठे अजिबात नाही. मातीतल्या लोहाचा भट्टी निवताना हवेशी संयोग होतो, त्याचा हा रंग. बाजारातल्या वाडग्याचं कडं मात्र सगळीकडून सारखंच तपकिरी होतं. कोमट साबणपाण्यात भिजवलेला कापूस फिरवला, तर तो तपकिरी झाला आणि खाली खडूसारखी पांढरी, कोरडी माती निघाली. वरून रंग फासलेला होता. एक ध्यानात ठेवा: असा रंग कधीकधी भाजून पक्का करतात, तो पुसला जात नाही. तेव्हा रेघेचा एकसारखेपणाच बघावा लागतो.

मग दहापट भिंग घेऊन दारात उन्हाला बसलो. मावशीच्या वाडग्याच्या आतल्या तळाशी वेगवेगळ्या दिशांचे, कमीजास्त खोल ओरखडे आहेत, आणि काठाजवळ जवळजवळ नाहीतच. पळी-चमचा जिथे लागतो तिथेच झीज. दुसऱ्याची चमक आतून-बाहेरून, अगदी कड्याच्या आतल्या कोपऱ्यातही सारखीच मेलेली आहे. तिथे कुणाचा हात घासत नाही. हे आम्लाचं काम दिसतं.

वजनाचं मी आधी चुकीचं समजत होतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मावशीचा 228 ग्रॅम भरला, दुसरा 341. तोंडाची रुंदी दोघांची 15 सेंटिमीटर. पण जड म्हणजे नवा, असं नाही; परदेशी पाठवायला केलेला जुना मालही जाड असतो. वजन कुठे आहे ते बघायचं. चाकावर घडवून तासलेला वाडगा काठाकडे पातळ होत जातो, भार बुडाशी राहतो. बाजारातला काठापर्यंत एकसारखा जाड आहे. शिवाय आत बोट फिरवलं की बुडाच्या कड्याच्या बरोबर वर गोल खळगा लागतो. साच्यात पातळ माती ओतली की ती साच्याच्या भिंतीवर सारख्या जाडीने बसते, म्हणून बाहेर कडं तिथे आत खळगा.

मावशीचा वाडगा जुना आहे, पण कांग्शी काळातला नाही असं माझं मत झालंय. त्या काळच्या चांगल्या मालाचं कडं गोलाईने, गुळगुळीत तासलेलं असतं; याचं खरबरीत आहे, वाळूचे कण चिकटलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाची अखेर, असं वहीत लिहून वाडगा मावशीला परत केला.