करार पुण्यात, जमीन साताऱ्यात

साठेखत पुण्यात झालं, पैसे पुण्यात दिले, विकणारा पुण्यातच राहतो. म्हणून खरेदीखत करून मिळावं आणि ताबा मिळावा असा दावा आम्ही पुण्यातच लावला. जमीन सातारा तालुक्यात होती. दावा लावताना वकिलांनी आणि मी रकमेचं गणित नीट पाहिलं होतं: व्यवहार 11 लाखांचा, म्हणजे वरिष्ठ स्तराचं न्यायालय. न्यायालयाची पायरी बरोबर धरली, जागा चुकली.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 प्रमाणे प्रतिवादी राहतो किंवा दाव्याचं कारण घडतं तिथे दावा चालतो. पण त्याआधी कलम 16 येतं: स्थावर मालमत्तेचा दावा मालमत्ता जिथे आहे तिथेच. त्याला एक अपवाद आहे. मागणी प्रतिवादीच्या नुसत्या सहीने पूर्ण होणार असेल, तर तो राहतो तिथेही जाता येतं. आम्ही ताबा मागितला आणि त्या अपवादाबाहेर पडलो. ताबा द्यायला जमिनीवरच जावं लागतं. ताब्याची मागणी सोडून देणं हाही उपाय नव्हता. खरेदीखत हातात आणि जमीन दुसऱ्याकडे, असं झालं असतं.

प्रतिवादीने कैफियतीत हद्दीचा आक्षेप घेतलाच नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. कलम 21 प्रमाणे हद्दीचा आणि रकमेचा आक्षेप मुद्दे काढण्याच्या वेळी किंवा त्याआधी घ्यावा लागतो. पण हर्षद चिमणलाल मोदी खटल्यात (2005) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अशा मालमत्तेच्या दाव्यात कलम 16 विषयाच्या अधिकारितेलाच हात घालतं, आणि ती पक्षांच्या संमतीने मिळत नाही. जमीन गुरगावची, दावा दिल्लीत 1988 सालचा. सतरा वर्षांनी परत पाठवला गेला. आमच्यात उलटतपास संपल्यावर हाच निकाल दाखवून अर्ज आला, आणि चार वर्षं सात महिन्यांनी दावा परत मिळाला.

परत मिळतो तो मूळ दावाच, आदेश 7 नियम 10 प्रमाणे. न्यायाधीश त्यावर दाखल केल्याची तारीख, परत दिल्याची तारीख आणि कारण लिहितात. हा शेरा जपावा, पुढची मुदत त्यावरच मोजली जाते. परत देण्याआधीच नियम 10अ खाली अर्ज केला, तर नव्या न्यायालयातली तारीख ठरवून मिळते आणि प्रतिवादीला पुन्हा समन्स बजावण्यात महिने जात नाहीत.

मुदतीचा हिशोब असा. करार पाळायला लावण्याच्या दाव्याला तीन वर्षं. आमचे नकारापासून दाव्यापर्यंत आठ महिने गेले होते. मुदत कायद्याच्या कलम 14 ने पुण्यातली वर्षं वजा होतात, मात्र दावा प्रामाणिकपणे आणि पाठपुरावा करून चालवला होता हे दाखवावं लागतं. रोजनाम्याच्या नकला त्यासाठी काढल्या. परत मिळाल्यापासून घड्याळ पुन्हा चालू होतं.

वर्षं वजा होतात, पुरावा मात्र सोबत येत नाही. साताऱ्यात दावा नव्याने सुरू झाला: पुन्हा कैफियत, पुन्हा मुद्दे, पुन्हा सरतपासाचं शपथपत्र. साठेखतावर सही केलेल्या दोन साक्षीदारांपैकी एक तोवर वारला होता. दुसऱ्याची तपासणी पुढच्या तारखेला आहे.