आठवीची नकाशा-वर्कशीट तपासताना

आज आठवीच्या वर्कशीट तपासल्या. जगाचा आराखडा नकाशा, भूरूपं दाखवा आणि प्रत्येकावर एक ओळ लिहा. सगळ्यात जास्त चुका जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत.

बहुतेकांनी स्पेनवर ठिपका दिलाय. ठिपका शहरासाठी असतो. सामुद्रधुनी म्हणजे दोन जमिनींमधलं चिंचोळं पाणी, त्यामुळे बाणाचं टोक पाण्यातच टेकलं पाहिजे. नाव मात्र बाहेर मोकळ्या जागेत, आडवं लिहायचं.

अंदाजाने शोधू नका. जिब्राल्टर साधारण ३६° उत्तर, ५.५° पश्चिम. नकाशावर १५ अंशांची जाळी असेल तर ३०° आणि ४५° अक्षवृत्तांमधलं अंतर पाच भागांत वाटा आणि खालून दोन भाग वर या. मग ०° रेखावृत्तापासून डावीकडे एक तृतीयांशाहून किंचित जास्त. आधी पेन्सिलने फिकट खूण करा, पेन नंतर.

आता ओळ. ‘ही एक महत्त्वाची सामुद्रधुनी आहे’ याला मी गुण देत नाही, कारण ती कुठल्याही सामुद्रधुनीला चालते. काय जोडते आणि काय वेगळं करते, एवढं सांगा: ‘अटलांटिक महासागर व भूमध्य समुद्र जोडते, स्पेन व मोरोक्को वेगळे करते.’ झालं.

पनामाच्या संयोगभूमीला हेच उलट. ती दोन्ही अमेरिका जोडते आणि पॅसिफिकला कॅरिबियन समुद्रापासून वेगळं करते. इथे बाण जमिनीवर. एका वहीत तो नेमका समुद्रात होता, ओळ मात्र अचूक. म्हणजे व्याख्या पाठ होती, आकार डोळ्यांसमोर नव्हता.