गाळ ‘काढण्यात आला’, पण कोणी?

आमच्या तालुक्यातील एका जुन्या बारवेवर मी दिवाळी अंकासाठी लेख लिहिला होता. तो ३००० शब्दांचा झाला आणि संपादकांनी ‘२००० शब्द, आशय न गमावता’ एवढीच ओळ लिहून तो परत पाठवला. आशय न गमावता एक तृतीयांश मजकूर कमी करायचा, तर परिच्छेद गाळून भागणार नव्हते. वाक्येच सोलायला हवी होती. मी तीन गोष्टींवर बोट ठेवले: ‘करण्यात आले’ या वळणाची वाक्ये, एकापुढे एक रचलेली नामे, आणि ‘साधारणतः’, ‘काही प्रमाणात’, ‘खऱ्या अर्थाने’, ‘अत्यंत’ अशी पुन्हा पुन्हा येणारी विशेषणे व क्रियाविशेषणे. शेवटच्या दोन गोष्टी एका रविवारी उरकल्या. पहिलीने मात्र माझे आठ दिवस खाल्ले, आणि त्यातले बरेचसे एका कार्यालयाच्या बाकावर गेले, याचा राग अजून गेलेला नाही.

आधी एक व्याकरणाची गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझा पहिला दिवस तिच्यापायी वाया गेला. ‘कर्मणी प्रयोग टाळा’ असे कोणी सांगितले, तर ते मराठीत शब्दशः पाळता येत नाही. ‘गावकऱ्यांनी कचरा काढला’ हे वाक्य आपल्या व्याकरणात कर्मणीच आहे. क्रियापद कचऱ्याप्रमाणे चालते. तरीही त्यात कर्ता समोर उभा आहे आणि एकही शब्द जास्त नाही. अडचण आहे ती ‘काढण्यात आला’, ‘काढला गेला’, ‘यांच्याकडून काढला जात आहे’ या रचनांची, ज्यांत कर्ता गायब होतो किंवा ‘कडून’ला लटकतो. मी पहिल्या दिवशी चांगली, सरळ वाक्येही मोडत बसलो होतो आणि संध्याकाळी ती सगळी पुन्हा पूर्ववत केली.

ही वाक्ये हुडकण्यासाठी मी आधी संगणकावर ‘ण्यात’ एवढेच शोधले. लेख बारवेवरचा, त्यामुळे ओळीओळीला ‘पाण्यात’ सापडू लागले. मग ‘ण्यात आ’ आणि ‘ण्यात ये’ असे, मधल्या मोकळ्या जागेसह शोधले, तेव्हा खरी संख्या कळली: ८६. त्यामागचे कारण मला माहीत होते. लेखाची अर्धी माहिती मी दुरुस्तीच्या कामाच्या एका कार्यालयीन अहवालातून घेतली होती आणि माहितीबरोबर त्याची भाषाही उचलली होती. त्यातले हे एक वाक्य पाहा:

‘सदर बारवेतील गाळ काढण्याच्या कामास सुरुवात करण्यात आली असून त्यासाठी गावकऱ्यांच्या सहभागातून श्रमदानाचे आयोजन करण्यात आले होते.’

हे १७ शब्द. मी ते झटकन असे केले: ‘गावकऱ्यांनी श्रमदानाने बारवेतला गाळ काढायला सुरुवात केली.’ सात शब्द. दहा वाचल्याचा आनंद झाला आणि लगेच शंका आली. गाळ खरोखरच गावकऱ्यांनी काढला का? मूळ वाक्यात तसे कुठेच म्हटलेले नव्हते. ‘सहभागातून’ आणि ‘करण्यात आले’ या दोन शब्दप्रयोगांच्या फटीत कोणीही बसू शकत होते. कर्ता लिहायचा म्हणजे तो ठाऊक असायला हवा, आणि मला तो ठाऊक नव्हता.

म्हणून अहवाल ज्या कार्यालयाचा होता तेथे गेलो. पहिल्या दिवशी संबंधित साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी नस्ती सापडत नव्हती. तिसऱ्या दिवशी नस्ती आली आणि लिपिकाने माझ्याच हातातल्या अहवालातील तेच वाक्य मला वाचून दाखवले. मी म्हटले, “साहेब, हे मी वाचले आहे. पण गाळ काढला कोणी?” ते म्हणाले, “इथे लिहिलंय ना, काढण्यात आला म्हणून.” हेच मी तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारले आणि तीनही वेळा उत्तर तेच मिळाले. सार्वजनिक पैशाने झालेल्या कामाच्या नस्तीत काम करणाऱ्याचा उल्लेख सापडू नये, हे मला आजही सलते.

उत्तर मिळाले ते बारवेला लागून शेत असलेल्या आजींकडून. “वरचं झाडझुडूप आन् कचरा आमी काढला, तीन आयतवार. खालचा गाळ ठेकेदाराच्या माणसांनी क्रेन लावून काढला.” एका दमात दोन कर्ते, दोन क्रिया. माझे वाक्य शेवटी असे झाले: ‘झुडपे आणि कचरा गावकऱ्यांनी तीन रविवारी श्रमदानाने काढला, खालचा गाळ ठेकेदाराच्या मजुरांनी क्रेन लावून उपसला.’ हे १५ शब्द आहेत, म्हणजे मुळापेक्षा फक्त दोन कमी. पण सात शब्दांचे वाक्य खोटे होते. कर्ता घालताना वाक्य फार सहज आखडले, तर आपण तो अंदाजाने तर घातला नाही ना, हे एकदा तपासावे.

सगळीकडे कर्ता शोधत बसण्याचीही गरज नसते. ‘संरक्षक कठडा बांधण्यात आला आहे’ याऐवजी ‘बारवेला आता कठडा आहे’ असे लिहून काम भागले, कारण तेथे कोणी बांधला हा मुद्दाच नव्हता. आणि ‘ही बारव कधी बांधली गेली’ हे वाक्य मी तसेच ठेवले. बांधणाऱ्याचे नाव शिलालेखाच्या घासलेल्या ओळींबरोबर गेले आहे, तेव्हा तिथे कर्त्याची रिकामी जागा हीच माहिती आहे.

नामांच्या रांगेचे काम सोपे निघाले. ‘बारव संवर्धन काम प्रगती आढावा बैठकीत घेण्यात आलेल्या निर्णयानुसार निधी मागणी प्रस्ताव सादरीकरणाबाबत कार्यवाही करण्यात आली’ यात १६ शब्द आहेत. अशी रांग शेवटाकडून वाचावी आणि कोणत्या नामात क्रिया दडली आहे ते पाहावे. आढावा, निर्णय, मागणी आणि सादरीकरण या चार क्रिया नामांच्या पोटात होत्या, आणि ‘कार्यवाही’ हा शब्द नुसता भार होता. ‘कामाचा आढावा घेताना समितीने निधी मागायचे ठरवले आणि प्रस्ताव पाठवला.’ दहा शब्द. सर्वच नामे जोडून एक लांब समास केला तरी शब्दसंख्या घटते. पण वाचकाला तो मनात फोडावाच लागतो, म्हणून ती युक्ती मी वापरली नाही.

‘साधारणतः’ लेखात १९ वेळा होते. जिथे मी स्वतः मोजले नव्हते तिथेच ते राहू दिले, उदाहरणार्थ बारवेच्या खोलीपाशी. तिसऱ्या टप्प्यावर पाणी असल्याने दोर तळापर्यंत गेला नव्हता. पायऱ्या मी मोजल्या होत्या, त्यामुळे तिथून ते काढले. ‘अत्यंत’ मात्र सगळीकडून गेले.

हे सगळे करताना दर टप्प्याला मूळ प्रत वेगळी जपून ठेवली होती, हे सांगायचे राहिले. गाळाचे खोटे वाक्य तिच्याशी ताडून पाहिल्यामुळेच पकडले गेले. ‘करण्यात’च्या सफाईत ३४० शब्द गेले, नामांच्या रांगांत ४१०, विशेषणे-क्रियाविशेषणांत १८०. लेख २०७० वर आला आणि तिथे अडला. उरला होता ‘व्यापक जनजागृती करण्यात आली’ हा ७४ शब्दांचा परिच्छेद. जागृती कोणी केली, कोणाची केली, हे ना कार्यालयात कळले ना गावात. आजींनाही असे काही झाल्याचे आठवत नव्हते. मी तो परिच्छेद पूर्ण काढला आणि १९९६ शब्दांचा लेख संपादकांना पाठवला.