एक व्हिडिओ, पाच हुक आणि बेचाळीस टक्क्यांचा चकवा

व्हिडिओ अडतीस सेकंदांचा होता आणि विषय साधा: सायकलची चेन साफ कशी करायची. ज्यांच्यासाठी केला ते सर सायकल दुरुस्तीचा ऑनलाइन वर्ग घेतात, आणि ही त्याची जाहिरात होती. पहिल्या आवृत्तीची सुरुवात सरांनी स्वतः लिहिली होती: "नमस्कार, आज आपण चेन कशी साफ करायची ते बघणार आहोत." मजकूर उत्तम होता, पण तो ऐकायला लोक थांबत नव्हते. म्हणून ठरलं की चौथ्या सेकंदानंतरचा व्हिडिओ तसाच ठेवायचा, फक्त पहिली चार सेकंदं, म्हणजे बघणाऱ्याला अडकवणारा हुक, बदलून बघायची.

मी वही घेऊन बसलो आणि तासाभरात अठरा सुरुवाती लिहिल्या. दुसऱ्या दिवशी वाचल्या तर त्यातल्या अकरा म्हणजे एकच सुरुवात, वेगवेगळे कपडे घालून उभी. "चेन आवाज करते?", "चेनचा आवाज त्रास देतो?", "या आवाजाने वैतागलात?" अशा तिन्ही चालवल्या असत्या तर निकाल शब्दांचा लागला असता, कल्पनेचा नाही. म्हणून प्रत्येक ओळीपुढे एकच गोष्ट लिहिली: माणूस इथे का थांबेल? ज्यांचं कारण एकच, त्यातली एक ठेवली आणि बाकीच्यांवर काट मारली.

चार उरल्या. 'कर्रकर्र': चेनचा आवाज आणि त्यावर प्रश्न, म्हणजे ओळखीचा त्रास. 'फडकं': एकही शब्द नाही, पांढरं फडकं चेनवरून फिरतं आणि काळंकुट्ट होतं. 'तेल': "मळक्या चेनला तेल घालताय? चेन झिजवताय." (हे खरंच आहे. मळक्या चेनवर तेल पडलं की धूळ-वाळूचा लगदा होतो आणि तो कड्या घासत राहतो.) आणि 'पडणं': सायकल गवतावर धाडकन आडवी होते आणि पडद्यावर येतं, "कारण? चेन." पाचवी सरांची 'नमस्कार', तुलनेसाठी.

चित्रीकरणात फडक्याने रडवलं. तिसऱ्या टेकपर्यंत चेनच स्वच्छ झाली! फडकं नुसतं करडं होऊ लागलं. शेवटी दुसऱ्या एका दुर्लक्षित सायकलची चेन वापरली. फडकी सहा लागली, टेक दोनच चांगले निघाले.

एडिटिंगच्या टेबलावर एक गोची लक्षात आली, जी आधी दिसायला हवी होती. सामायिक भागाचं पहिलं वाक्य होतं, "म्हणून आधी जुना मळ काढायचा." 'तेल'नंतर ते अगदी चपखल बसायचं. 'पडणं'नंतर तेच वाक्य हवेत लटकायचं: कशाचं 'म्हणून'? म्हणजे मी नकळत एका हुकला आधीच झुकतं माप दिलं होतं. प्रत्येक हुकसाठी पुढचं वाक्य वेगळं करावं, तर सामायिक भाग सामायिक राहत नाही. शेवटी 'म्हणून' कापून टाकलं आणि "आधी जुना मळ काढायचा" एवढंच ठेवलं. सांधा जुळवायची जबाबदारी हुकच्या चार सेकंदांवर टाकली. बाकी सगळं सारखं ठेवलं: मथळ्याचा फॉन्ट, आवाजाची पातळी, शून्य सेकंदाला सुरू होणारं संगीत. फाइलच्या नावातच हुक लिहिला, `chain_H3_fadka.mp4` असा, कारण अहवालात 'final_final2' दिसलं की आठवड्याने कुणालाच काही आठवत नाही.

पहिली फेरी वाया गेली, माझ्याच चुकीने. पाचही जाहिराती मी एकाच अ‍ॅड सेटमध्ये, एकाच बजेटवर टाकल्या. अशा मांडणीत यंत्रणा सुरुवातीच्या थोड्या प्रतिसादावरून एकीला उचलून धरते आणि पैसे तिकडे वळवते. तिचं काम स्वस्तात निकाल आणणं. माझी परीक्षा न्याय्य ठेवणं हे तिचं काम नाही. एका दिवसात सत्तर टक्के इम्प्रेशन्स, म्हणजे जाहिरात पडद्यावर दिसण्याच्या वेळा, 'पडणं'ने खाल्ली आणि बिचाऱ्या 'फडक्या'ला मिळाली २१०. तेव्हा सगळं थांबवलं आणि ए/बी चाचणीच्या पर्यायातून पुन्हा लावलं: प्रत्येकाला वेगळं पण सारखं बजेट, आणि प्रेक्षकांचे पाच वेगळे गट, म्हणजे एकाच माणसाला दोन हुक दिसणार नाहीत. मुदत पूर्ण सात दिवस, कारण सुट्टीच्या दिवशी लोक वेगळ्या तंद्रीत स्क्रोल करतात.

पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाची साधारण ४०० इम्प्रेशन्स झाली होती. तीन सेकंद टिकलेले भागिले इम्प्रेशन्स, म्हणजे हुक रेट, 'कर्रकर्र'चा ३७ टक्के आणि 'तेल'चा ३१. सरांचा फोन आला.

"कर्रकर्र जिंकलं की हो! बाकीचे बंद करा, पैसे वाचतील."

"सर, अजून काहीच जिंकलेलं नाही," मी म्हटलं. त्यांना समजावायला मी एक ढोबळ हिशेब वापरतो: एक भागिले इम्प्रेशन्सचं वर्गमूळ. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे पाच टक्क्यांचा हेलकावा दोन्ही बाजूंना. ३७ चे ३२ ते ४२ असू शकतात आणि ३१ चे २६ ते ३६. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत, तर निर्णय कशाचा घेणार? सर गणिताचे जुने विद्यार्थी निघाले, लगेच पटलं. पुढे तर सहाव्या दिवशी तेच मला "आता वर्गमूळ किती झालं?" असं विचारायला लागले.

सात दिवसांनी प्रत्येकाची सुमारे ६००० इम्प्रेशन्स झाली. हुक रेट असे आले: 'पडणं' ४२, 'फडकं' ३६, 'तेल' ३४, 'कर्रकर्र' २९, 'नमस्कार' २२. पहिल्या संध्याकाळचा विजेता चौथ्या नंबरवर.

"म्हणजे पडण्याचाच लावायचा," सर म्हणाले. बेचाळीस आणि चौतीसमधला फरक ६००० वर योगायोगाचा नव्हताच, तो खराच होता. पण तो फक्त एवढंच सांगत होता की लोक तीन सेकंद थांबले. हुक चार सेकंदांचा, म्हणजे हा आकडा सांध्यापर्यंत पोहोचतच नाही! सांध्यावर काय होतं ते रिटेन्शन ग्राफ सांगतो, म्हणजे कोणत्या सेकंदाला किती लोक उरले त्याची रेघ. दोन्ही ग्राफ मी शेजारी शेजारी लावले. 'तेल'ची रेघ उतारावरून जावी तशी हळूहळू खाली येत होती. 'पडणं'ची रेघ चौथ्या सेकंदापर्यंत ऐटीत वर, आणि चौथ्या-पाचव्यात सरळ कड्यावरून खाली. सायकल पडते, लोक बघतात, पुढे माणूस ब्रश घेऊन बसलेला दिसतो, की अंगठ्याने स्क्रोल करून पुढे. खालच्या कॉमेंट्समध्ये एकाने विचारलं होतं, "सायकलवाला वाचला का?" ते लोक चेनसाठी आलेच नव्हते.

पंधरा सेकंदांपर्यंत टिकलेले मोजले. तीन सेकंद थांबलेल्या दर शंभरांतले 'पडणं'चे १५ उरले, 'तेल'चे ४०, 'फडक्या'चे ३५. गंमत म्हणजे 'नमस्कार'चेही ४०. थांबणारे थोडे, पण थांबले ते खरंच शिकायला. यावरून एक धडा मी कायमचा घेतला: होल्ड रेट, म्हणजे पुढे टिकून राहिलेल्यांचं प्रमाण, तीन सेकंद थांबलेल्यांवर काढला तर कंटाळवाणा हुकसुद्धा छान दिसतो, कारण त्याने आधीच नको त्यांना पळवलेलं असतं. म्हणून निकालासाठी मी पंधरा सेकंद टिकलेले भागिले एकूण इम्प्रेशन्स हाच आकडा धरला. 'तेल' १३.६, 'फडकं' १२.६, 'कर्रकर्र' १०.२, 'नमस्कार' ८.८, 'पडणं' ६.३.

वरच्या दोघांत एक टक्क्याचा फरक. वर्गमूळाचा हेलकावा इथे १.३ चा, तो पन्नास टक्क्यांच्या आसपासच्या आकड्यांसाठीचा, त्यामुळे तेरासाठी जरा जास्तच ताणलेला आहे. पण नीट गणित करूनही फरक खात्रीच्या रेषेला पोहोचत नव्हता. अहवालात मी 'बरोबरी' असंच लिहिलं. नोंदणी पाहिली तर एकूण ४७: तेल १५, फडकं १४, कर्रकर्र ९, नमस्कार ६, पडणं ३. पंधरा आणि चौदा ही नाणेफेक झाली. पंधरा आणि तीन ही मात्र नाही. शेवटी सरांनीच 'पडणं' बंद करायला सांगितलं.

'कर्रकर्र'बद्दल मनात खुट्ट राहिलं होतं. तो हुक सगळा आवाजावर उभा होता आणि कितीतरी लोक फोन म्यूट करून बघतात. त्यांना फक्त फिरणारं चाक दिसलं असणार. म्हणून दुसऱ्या फेरीत त्याच्यावर फक्त एक बदल केला: आवाजाच्या जागी मोठ्या अक्षरांत थरथरणारं "कर्रर्र… कर्रर्र…". सोबत 'तेल' जसाच्या तसा पुन्हा चालवला. जुन्या आठवड्याच्या आकड्यांशी तुलना नको होती. दोघांनी एकाच आठवड्यात धावायला हवं होतं. आणि तिसरा, सरांच्या आग्रहाने, संकर: फडक्याचं दृश्य आणि वर 'तेल'चं वाक्य.

अक्षरांसह 'कर्रकर्र'चा हुक रेट ३४ आला, 'तेल'च्या बरोबरीला. संकराचा हुक रेट ३७ झाला, पण पंधरा सेकंदांचा आकडा १३.४. त्याच आठवड्यात एकटा 'तेल' १३.५. डोळे फडक्यावर आणि कान वाक्यावर, दोन्ही एकदम कुणी घेत नसावं असा माझा अंदाज आहे, सिद्ध काही केलेलं नाही.

सध्या 'तेल' आणि 'फडकं' आलटून पालटून चालतात, एकाचा ग्राफ सांध्यावर खचू लागला की दुसरा. सरांनी आपल्या 'नमस्कार'लाही प्रोफाइलवर जागा दिली आहे, सगळ्यात वर पिन करून. त्यावर मी काही बोललो नाही.