प्रेस शॉपमधल्या ऑपरेटरला वॉर्निंग लेटर द्यायचं होतं, माझा अनुभव

मी एका छोट्या कंपनीत एचआर बघतो. आमच्याकडे पत्र्याचे पार्ट काढायच्या जुन्या पॉवर प्रेस आहेत, पिन क्लचवाल्या, पेडलवर चालणाऱ्या. मोटर फ्लायव्हीलचं जड चाक फिरवते, पेडल दाबलं की क्लच लागून रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा सरकता भाग, खाली डायवर येतो. सेकंड शिफ्टला एका ऑपरेटरच्या डायमध्ये पत्र्याची ब्लँक अडकली, त्याने मोटर बंद केली आणि मेन स्विचला कुलूप न लावता लगेच हात घालून ती ओढून काढली. लागलं काही नाही, पण सुपरवायझरने बघितलं आणि लेखी रिपोर्ट दिला.

आधी खुलासा मागवला. त्याने सरळ लिहिलं, 'मोटर बंद होती, कुलूप केबिनमधून आणेपर्यंत दहा मिनिटं जातात, प्रॉडक्शन कोण भरून देणार'. म्हणजे नियम मोडला हे त्याला माहीत होतं, पण मोटर बंद म्हणजे मशीन बंद असंच तो धरून चालला होता. आपलं ते नेहमीचं 'सुरक्षा नियमावलीचे उल्लंघन करून गैरवर्तन केले' छाप लेटर दिलं असतं तर सही करून खिशात गेलं असतं आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. म्हणून मेंटेनन्सवाल्याला शेजारी बसवून मजकूर नवा लिहिला, मधला भाग असा:

'तुम्ही मोटर बंद केली, पण मेन स्विच बंद करून कुलूप लावलं नाही आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवला नाही. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील काही वेळ फिरत राहतं. तेवढ्यात पेडलवर पाय पडला तर क्लच लागतो आणि रॅम खाली येतो, तो मध्येच थांबवता येत नाही. हात आत असेल तर बोटं जातील. फ्लायव्हील थांबल्यावरही ब्रेक ढिला असेल तर रॅम स्वतःच्या वजनाने खाली सरकू शकतो, ब्लॉक त्यासाठी आहे. यापुढे मोटर बंद करा, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या, मेन स्विच बंद करून स्वतःचं कुलूप आणि टॅग लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा, ब्लॉक ठेवा आणि मग चिमट्याने ब्लँक काढा. ही लेखी ताकीद आहे. पुन्हा असं झालं तर पुढची कारवाई होईल.'

देताना नुसतं हातात दिलं नाही, वाचून दाखवलं आणि मशीनपाशी नेऊन मोटर बंद करून फ्लायव्हील फिरताना दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, 'साहेब, आवाज बंद झाला की थांबलं असंच वाटतं, शेजारच्या प्रेसच्या धडधडीत काय कळतंय'. ते खरंच आहे, तिथे उभं राहिलं की आपल्या मशीनचा आवाज वेगळा ऐकूच येत नाही. सहीला मात्र अडला, सही केली की गुन्हा कबूल असं कुणीतरी सांगितलं होतं. मी सहीच्या वर 'पत्र मिळालं व वाचून दाखवलं' एवढंच लिहिलं तेव्हा केली. नसती केली तर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन तसा शेरा मारायचा असतो.

कुलपाबद्दलचं त्याचं म्हणणं मॅनेजरकडे वेगळं पाठवलं, आता प्रत्येक प्रेसच्या खांबाला हूक मारून कुलूप, टॅग आणि चिमटा तिथेच टांगलाय. लेटर मागे घेतलेलं नाही, एक कॉपी त्याच्याकडे, एक पर्सनल फाइलला.