उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरची कॅप्शन मी कशी लिहिते

गणपतीची ऑर्डर घेताना मी आधी मोदकपात्र बघते, कॅप्शन नंतर लिहिते. माझ्या पात्रात तीन थाळ्या, प्रत्येकीत ११ मोदक. वाफवायला १२ ते १५ मिनिटं, काढणं-भरणं धरून तासाला दोन घाणे, म्हणजे ६६ मोदक. दोघींनी कळ्या पाडल्या तर तेवढेच वळून होतात. म्हणून एका वेळेला ६६ च्या वर ऑर्डर घेत नाही, मग समोरचा कितीही ओळखीचा असो.

कमीत कमी ११ ठेवते, कारण एका मध्यम नारळाच्या सारणात साधारण तेवढेच बसतात. पाच मोदकांच्या ऑर्डरीला अर्धा नारळ पडून राहतो. नैवेद्याला २१ लागतात, त्यामुळे ११ किंवा २१ एवढेच आकडे. मधले आकडे घेतले की डबे भरताना गोंधळ होतो.

नेण्याच्या वेळा नैवेद्यावरून उलट्या मोजायच्या. बहुतेक घरी पूजा दुपारपर्यंत आटोपते, म्हणून शेवटची वेळ १२ ला संपते. मोदक वाफ जाईपर्यंत ओल्या फडक्याखाली ठेवते. गरम डब्याचं झाकण लावलं तर आत पाणी सुटतं, मोदक तळाला चिकटतात आणि उचलताना पारी फाटते. त्यासाठी वीस मिनिटं वेळेतच धरलेली असतात.

टिकण्याबद्दल ‘ताजे खा’ लिहून भागत नाही, तास लिहावे लागतात. ओल्या नारळाचं सारण दमट हवेत आधी आंबूस होतं. फ्रिजमध्ये सारण टिकतं, पण तांदळाची पारी कडक होते. पुन्हा वाफवल्यावर ती मऊ होते.

पूर्ण कॅप्शन अशी:

उकडीचे मोदक, सोमवार, १४ सप्टेंबर २०२६. ऑर्डर ९ सप्टेंबरपर्यंत.
११ किंवा २१ नग. ११ पेक्षा कमी नाही.
न्यायची वेळ: ९ ते १०, १० ते ११, ११ ते १२. प्रत्येक वेळेला ६६ च मोदक.
डब्यावर वाफवल्याची वेळ लिहिलेली असेल. त्यापासून ६ तासांत संपवा. उरणार असतील तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी ५-७ मिनिटं वाफवून खा.
कुरिअरने पाठवत नाही.
ऑर्डरसाठी नाव, नग आणि वेळ कळवा. अर्धे पैसे आल्यावरच वेळ पक्की.

तारीख आणि नग वरच्या दोन ओळींत, कारण इन्स्टाग्रामवर बाकीचं ‘आणखी’च्या मागे दडतं. खाली दर आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. दर लपवून ‘मेसेज करा’ लिहिलं की नुसत्या चौकशा येतात. गावी न्यायला मोदक हवे असतील त्यांना तळणीचे सुचवते. त्यांची कॅप्शन वेगळी, कारण सुक्या खोबऱ्याच्या सारणाचे ते आठवडाभर टिकतात आणि एकाच पोस्टमध्ये दोन मुदती दिल्या की लोक मोठीच लक्षात ठेवतात.