नुसत्या टीव्हीच्या स्पीकरवर ॲटमॉस

"दादा, टीव्हीवर डॉल्बी ॲटमॉस लिहिलंय, ॲपवाले म्हणतात वरचा प्लॅन घेतला तर ॲटमॉस मिळेल. साउंडबार वगैरे काही नाहीये आमच्याकडे, टीव्हीचेच स्पीकर. तर पैसे भरू का?"

नका भरू. 4K हवं असेल, घरात चार जण चार ठिकाणी बघत असतील, तर वरचा प्लॅन जरूर घ्या, पण आवाजासाठी म्हणून घेऊ नका. मी सिनेमाच्या साउंड मिक्सिंगमध्ये काम करतो आणि ॲटमॉस मला मनापासून आवडतं, दिवसदिवस त्यात जातात, म्हणूनच सांगतोय की त्यातली जी खरी गंमत आहे ती टीव्हीच्या दोन स्पीकरपर्यंत पोचतच नाही.

आधी ॲटमॉस म्हणजे काय ते थोडक्यात. जुन्या 5.1 मध्ये, म्हणजे भोवती पाच स्पीकर आणि एक धडाम आवाजाचा अशा मांडणीत, आम्ही आवाज स्पीकरला वाटून द्यायचो, हा डावीकडच्याला, हा मागच्याला. ॲटमॉस आलं २०१२ मध्ये, त्यात एखाद्या आवाजाला आम्ही सुटं ठेवतो, त्याला ऑब्जेक्ट म्हणतात, आणि त्याच्यासोबत फक्त त्याची जागा लिहून पाठवतो, म्हणजे खोलीत किती डावीकडे, किती मागे, किती उंचावर. मग तुमच्याकडे जेवढे स्पीकर असतील त्यांच्यात तो आवाज कसा बसवायचा हे वाजवणारं मशीन ठरवतं. थिएटरमध्ये असे १२८ पर्यंत ट्रॅक आणि ६४ पर्यंत स्पीकर असू शकतात. घरी स्ट्रीमिंगवर जे येतं ते बरंच आवळलेलं असतं, जवळजवळचे ऑब्जेक्ट एकत्र करून साधारण १२ ते १६ गठ्ठे होतात, आणि ते सगळं एका नेहमीच्या 5.1 च्या पोटात घालून वर थोडी जादा माहिती जोडून तुमच्याकडे येतं. ती माहिती वाचता येणारं मशीन असेल तर ॲटमॉस उलगडतं, नसेल तर साधं 5.1 वाजतं.

आता हे टीव्हीत पोचलं. टीव्हीने ते नीट उलगडलंही, खोटं काही नाही त्यात, स्टिकर खरा आहे. पण उलगडून शेवटी वाजवायचं कशावर, तर दोन स्पीकरवर. म्हणजे एवढा पसारा परत दोनात कोंबायचा आणि मग प्रोसेसिंग करून कानाला फसवायचं की बघ, हे वरून आलं. या फसवण्याला व्हर्च्युअलायझर म्हणतात. आणि सगळं घोडं इथेच अडतं.

उंची आपल्याला कळते कशी? कानाच्या पाळीला ज्या घड्या असतात ना, त्यांच्यामुळे वरून आलेल्या आवाजाचे बारीक तीव्र सूर, साधारण ६००० हर्ट्झच्या पुढचे, थोडे वेगळे होऊन आत जातात, आणि मेंदू लहानपणापासून तेच वाचायला शिकलेला असतो. व्हर्च्युअलायझर तोच फरक आधीच आवाजात मिसळून पाठवतो. कल्पना हुशार आहे. पण ती जमायला दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे ते बारीक सूर जसेच्या तसे कानात पोचले पाहिजेत, आणि दुसरी म्हणजे डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानात जाता कामा नये, निदान किती जातोय ते मशीनला माहीत हवं. हेडफोनमध्ये दुसरी अडचण आपोआप सुटते, म्हणून तिथे हे बऱ्यापैकी जमतं. टीव्हीवर काय होतं ते बघा.

बहुतेक टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात. टीव्हीच्या खालच्या कडेला बोट फिरवून बघा, बारीक भोकं लागतील, त्यांच्या आत आगपेटीपेक्षा जरा मोठा असा लांबट स्पीकर असतो. तो आवाज टाकतो खाली, तो टीव्ही युनिटच्या लाकडावर नाहीतर काचेवर आपटतो, थोडा मागे भिंतीवर जातो आणि मग तुमच्याकडे येतो. ज्या बारीक फरकावर उंचीचा भास उभा करायचाय तो या आपटाआपटीतच पुसला जातो. त्यात आपल्याकडे डोक्यावर पंखा चालू.

आणि एक साधं गणित. ५५ इंची टीव्ही साधारण १२२ सेंटीमीटर रुंद असतो, त्याचे दोन स्पीकर एकमेकांपासून फार तर ९० सेंटीमीटरवर. तुम्ही सोफ्यावर दहा फुटांवर बसता. तिथून त्या दोन स्पीकरमध्ये जेमतेम १७ अंशांचा कोन होतो. साध्या स्टिरिओसाठी सुद्धा ६० अंश असावेत असं मानतात. म्हणजे डावं-उजवंच नीट पसरत नाहीये, वर आणि मागे पुढची गोष्ट झाली. शिवाय प्रोसेसिंग बरोबर मध्ये बसलेल्या एका माणसासाठी आखलेलं असतं, घरात चार जण असतात, एक दिवाणावर लोळत, एक खाली जमिनीवर.

हे नुसतं पुस्तकी वाटू नये म्हणून दिवाळीत बहिणीकडे आम्ही करून बघितलं. तिच्याकडे असाच ५५ इंची, ॲटमॉसचा स्टिकर असलेला, भिंतीवर लावलेला टीव्ही आहे, खाली लाकडी युनिट, त्यावर सेट टॉप बॉक्स. एका मालिकेतला डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं तो तुकडा घेतला, मिनिटभराचा. भाच्याला रिमोट दिला, टीव्हीच्या साउंड सेटिंगमधलं ॲटमॉस तो आम्हाला न सांगता चालू किंवा बंद करायचा. बहीण, मेहुणे, आई आणि मी, चौघांनी डोळे मिटायचे आणि हेलिकॉप्टर जिथून ऐकू येतंय तिकडे बोट दाखवायचं.

पहिल्या दोन वेळा सगळे म्हणाले, हे दुसरं छान आहे, भरलेलं वाटतंय. मला शंका आली म्हणून फोनवरच्या साउंड मीटरने मोजलं तर ॲटमॉस चालू केल्यावर आवाजच जवळपास ३ डेसिबलने वाढत होता. हे फार महत्त्वाचं आहे, कारण माणसाला जरासा मोठा आवाज नेहमी "चांगला" वाटतो, मोठा झालाय हे त्याच्या लक्षात येतच नाही. मग ॲटमॉस चालू असताना भाच्याने व्हॉल्यूम दोन घर कमी ठेवायचा असं ठरवलं, मीटरवर दोन्ही सारखे आले, आणि परत बारा वेळा ऐकलं. आता चालू का बंद हे बहिणीला बारापैकी सात वेळा बरोबर आलं, मेहुण्यांना पाच, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. मला जास्त वेळा ओळखता आलं, पण कशावरून, तर ॲटमॉस चालू असताना माणसांचा आवाज किंचित पातळ आणि लांबून आल्यासारखा व्हायचा. थोडं रुंद वाटत होतं हे खरं, ते मी नाकारत नाही, पावसाचा आवाज टीव्हीच्या कडेच्या वीतभर बाहेर गेल्यासारखा. पण वर? चौघांपैकी एकाचंही बोट एकदाही छताकडे गेलं नाही. आईचं बोट तर दर वेळी सरळ सेट टॉप बॉक्सवर. बरोबरच आहे, आवाज तिथेच आपटत होता.

घरी करून बघायचं असेल तर एवढंच करा, व्हॉल्यूम सारखा करा आणि डोळे मिटून बोट दाखवा. दुकानातल्या डेमोवर जाऊ नका, माझ्या मेहुण्यांना ज्या दुकानात "ॲटमॉस टीव्ही" ऐकवला होता तिथे टीव्हीखाली साउंडबार जोडलेला होता, हे त्यांना घरी आल्यावर आठवलं.

पैशांचं म्हणाल तर नेटफ्लिक्सचं उदाहरण घ्या, तिथे ॲटमॉस फक्त प्रीमियममध्ये आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी भारतातले दर उतरवले तेव्हा स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९ झाला, फरक १५० रुपये. म्हणजे वर्षाचे १८००, तीन वर्षांत ५४००. एवढ्यात साधा का होईना साउंडबार येतो, आणि तो बिनॲटमॉसचा असला तरी बहिणीच्या घरात तुम्हाला त्या स्टिकरपेक्षा कितीतरी जास्त फरक ऐकू येईल.

बहुतेकांची खरी तक्रार वेगळीच असते. "डायलॉग ऐकू येत नाहीत, मारामारी आली की कान फाटतात." हे ॲटमॉसने सुटत नाही. 5.1 मध्ये डायलॉगला मधला स्वतंत्र स्पीकर असतो, दोन स्पीकरवर आणताना तो डावी-उजवीकडे वाटला जातो आणि तिथेच म्युझिक, पाऊस, गाड्या सगळं येऊन बसतं, म्हणून शब्द बुडतात. आणि 5.1 मधला तो पॉइंट वन, धडाम आवाजाचा, तो तर दोनात आणताना सहसा सोडूनच देतात. तेव्हा आधी फुकटचं करा. ॲपमध्ये भाषेच्या यादीत 5.1 शिवायचा साधा ट्रॅक दिसत असेल तर तो लावून बघा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये क्लिअर व्हॉइस किंवा डायलॉग असं काही असेल ते चालू करा, रात्री नाइट मोड. माझ्या आईला ॲटमॉस बंद आणि क्लिअर व्हॉइस चालू यात सबटायटल न बघता सगळं कळायला लागलं.

अपवाद सांगतो. काही महागड्या टीव्हीत वर तोंड केलेले किंवा बाजूचे वेगळे स्पीकर खरोखर असतात. सपाट छत आठ ते बारा फुटांवर असेल तर वर टाकलेला आवाज छतावरून परत येतो आणि उंची थोडीफार जाणवते. पीओपीच्या पायऱ्यापायऱ्यांचं छत असेल तर तेही बिघडतं. पण तिथे तुम्ही पैसे मोजताय ते त्या जास्तीच्या स्पीकरचे, ॲटमॉस या शब्दाचे नाही. विकत घेताना विचारायचं ते हेच, स्पीकर किती आणि तोंड कुठे. "२० वॉट, २.०" असं उत्तर आलं, म्हणजे नुसते दोन स्पीकर, तर समजून जा. आणि जिथे एकच प्लॅन आहे आणि ॲटमॉस त्यातच येतं, ॲपल टीव्हीसारखं, तिथे प्रश्नच नाही, येऊ दे.

आता नवीन टीव्ही घेणारच असाल आणि पुढेमागे साउंडबार लावायचा विचार असेल, तर मात्र ॲटमॉसची एक बाजू बघून घ्या, ती म्हणजे टीव्हीतल्या ॲपमधलं ॲटमॉस तो एचडीएमआयमधून बाहेर पाठवतो का. मागच्या बाजूला ज्या पोर्टशेजारी ARC किंवा eARC छापलेलं असतं तोच साउंडबारचा. स्ट्रीमिंगचं ॲटमॉस साध्या ARC मधूनही जातं, eARC लागतं ते ब्लू-रे डिस्कवरच्या मोठ्या ट्रूएचडी ट्रॅकला. जोडल्यावर सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट Auto किंवा Passthrough वर ठेवा, PCM वर राहिलं तर बऱ्याच टीव्हींत साउंडबारला साधा स्टिरिओच मिळतो आणि माणूस महिनोन्‌महिने ॲटमॉस समजून तेच ऐकत बसतो. साउंडबारच्या डिस्प्लेवर नाहीतर त्याच्या ॲपमध्ये Dolby Atmos असं उमटलं की मग वरचा प्लॅन घ्यायचा का ते ठरवा, तोपर्यंत नाही.